एरवी मनमोकळी असलेली कलीग हल्ली तुटक लिहिते: दमलीय की तुसडेपणा करतेय?

अर्धविराम

ऑफिसातला प्रश्न आहे, पण वर न्यावा इतका मोठा नाही, म्हणून इथे विचारते.

मी सॉफ्टवेअरची मदतीची पानं लिहिते. म्हणजे 'हे बटण दाबा, मग ही खिडकी उघडेल' वगैरे. मी लिहिलेलं आणि प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्षात घडतं ते जुळतंय का, हे तपासायचं काम टीममधल्या एकीकडे आहे. तिला इथे रेवा म्हणू. आम्ही एका जागी बसत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं बोलणं चॅटवर होतं.

दीडेक महिन्यापूर्वीपर्यंत तिचा मेसेज साधारण असा असायचा:

'अगं, पान मस्त झालंय. फक्त तिसऱ्या पायरीत बटणाचं नाव जुनंच राहिलंय, तेवढं बघशील? घाई नाही, उद्या दिलंस तरी चालेल 🙂'

हल्ली असा असतो:

'पायरी ३. बटणाचं नाव चूक.'

दुरुस्त करून पाठवलं आणि 'एकदा नजर टाकतेस का?' असं विचारलं, तर उत्तर: 'बघितलं.' आता बघितलं म्हणजे बरोबर आहे, की अजून काही राहिलंय, हे मी कसं ओळखायचं?

हे एका दिवसात झालं नाही. आधी स्मायली गेली, मग 'अगं' गेलं, मग 'घाई नाही' गेलं. एवढंच असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण मागच्या आठवड्यात ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, माझ्या पानाखाली तिने लिहिलं: 'हे मागच्या वेळीही सांगितलं होतं.' हे मात्र लागलं.

आमच्यात भांडण वगैरे काही नाही. ती बर्नआउटच्या दिशेने चाललीय, की माझ्यावर चिडलीय, की मुळात आता पर्वाच उरली नाही? आणि हे मेसेजवरून ओळखता येतं का? थेट विचारायची भीती वाटते. दमलेली असेल तर माझी तक्रार हे आणखी एक ओझं व्हायचं, आणि चिडलेली असेल तर तोंड उघडून मीच वाद ओढवून घ्यायचे.

---

कडूलिंब

थोडं कडू बोलतो. दमत कोण नाही? मीही दमतो, पण समोरच्याला 'बघितलं' एवढंच लिहून बोळवत नाही. 'बघितलं, ठीक आहे' लिहायला आणखी किती सेकंद लागतात? हल्ली कुणी उर्मट वागलं की लगेच बर्नआउटचं पांघरूण घालायची पद्धत पडलीय. चारचौघांत 'मागच्या वेळीही सांगितलं होतं' हा सरळ सरळ टोमणा आहे. दोनदा तसंच उत्तर द्या, गाडी रुळावर येईल.

---

मुद्देसूद

कामाचे मेसेज थोडक्यात असावेत याच्याशी शंभर टक्के सहमत. विषय, मुद्दा, काय हवं आणि कधीपर्यंत, अशा चार ओळी पुरतात. 'पायरी ३. बटणाचं नाव चूक.' हा उत्तम मेसेज आहे. तुम्हालाही असं लिहायची सवय करायची असेल तर आधी नमस्कार-चमत्कार काढून टाका, मग विशेषणं. पंधरा दिवसांत जमेल.

---

अर्धविराम

@मुद्देसूद, मला तसं लिहायला शिकायचं नाहीये हो 😄 तिचं लिहिणं बदललं, ते का बदललं असेल, असा प्रश्न आहे.

---

धावती_गाडी

हा टिपिकल बर्नआउट आहे. डब्ल्यूएचओने बर्नआउट आजार म्हणून जाहीर केलाय, त्यामुळे तिला डॉक्टरांचं सर्टिफिकेट मिळू शकतं. महिनाभर रजा घ्यायला सांग, ठणठणीत होऊन येईल. माझ्या मोठ्या बहिणीच्या ऑफिसात एकाने हेच केलं.

---

टिपकागद

कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी @धावती_गाडी यांच्या मुद्द्यातला अर्धा भाग दुरुस्त करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे हे खरं, पण आजार म्हणून नाही. कामाच्या संदर्भात घडणारी गोष्ट म्हणून आहे. कामावरचा ताण सतत राहिला आणि त्याची घडी बसवता आली नाही, तर त्यातून जे होतं ते. हा फरक कागदापुरता नाही. दुखणं माणसात आहे असं मानलं की रजा हा उपाय वाटतो. कामाच्या रचनेत आहे असं मानलं, तर रजेवरून परतल्यावर तेच काम तसंच समोर उभं असेल, हे लगेच लक्षात येतं.

त्याच नोंदीत तीन गोष्टी सांगितल्यात. अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या प्रश्नाची गाठ दुसऱ्या गोष्टीत आहे. बर्नआउट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गळून गेलेला, बिचारा माणूस येतो. पण तो कडवटपणा बाहेरून अगदी उद्धटपणासारखा दिसतो. म्हणून 'दमली आहे की तुसडी आहे' असे दोनच कप्पे केलेत तर फसाल. दमल्यामुळे तुसडी झाली असेल, हा तिसरा कप्पा सगळ्यात जास्त भरलेला असतो.

तरीही मेसेजवरून थोडंफार ओळखता येतं. त्यासाठी एक मेसेज घेऊन त्याचा कीस पाडायचा नाही. गेल्या दोन महिन्यांतले सगळे एका बैठकीत सलग वाचा. वाचताना तीन गोष्टी बघा.

पहिली, ती कोणाशी तुटक आहे. फक्त तुमच्याशी, की ग्रुपवर, साहेबांशी, नवीन मुलाशीही? राग माणूस निवडतो. थकवा निवडत नाही, तो सगळ्यांच्या वाट्याला येतो.

दुसरी, नेमकं काय गळलंय. 'अगं' आणि स्मायली गळणं वेगळं, मजकूर गळणं वेगळं. चिडलेला माणूस गोडवा काढून घेतो, पण मुद्दा नीट मांडतो. उलट जरा जास्तच नीट मांडतो, कारण त्याला आपलं बरोबर असल्याचं दाखवायचं असतं. दमलेल्याच्या लिहिण्यातून मुद्दाच निसटतो. तुमचं 'बघितलं' मला त्यामुळे खटकलं. त्यात गोडवा नाही हे तर खरंच, पण त्यात माहितीही नाही.

तिसरी, अधेमधे सुट्टी किंवा हलका आठवडा येऊन गेला असेल, तर त्यानंतरचे तीन-चार दिवस बघा.

एवढं करून काय दिसतं ते लिहा, मग पुढचं बोलू. तोवर @कडूलिंब यांचा 'दोनदा तसंच उत्तर द्या' हा सल्ला बाजूला ठेवा.

---

कडूलिंब

बाजूला का? लोक आरशात बघूनच सुधारतात.

---

टिपकागद

कारण तिला तो आरसा दिसणारच नाही. तुटक लिहिणाऱ्याला आपलं तुटकपण सहसा ऐकू येत नसतं. लिहिताना त्याच्या डोक्यात त्याचाच आवाज असतो, त्यामुळे मनातला सूर कागदावर उतरलाय असंच त्याला वाटतं. क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक प्रयोग यावर आहे. ईमेलमधून वाक्य गंभीरपणे म्हटलंय की उपरोधाने, हे समोरच्याला १०० पैकी ७८ वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ वेळा कळलं. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलंच असतं. हे दोन्हीकडून लागू आहे हं. तिला तिचा सूर ऐकू येत नाही, आणि अर्धविराम यांना तिच्या मेसेजमध्ये जो सूर ऐकू येतोय तोही कदाचित त्यांनीच भरलेला असेल.

---

रातपाळी

मी ती रेवा होऊन गेलोय, म्हणून लिहितो. वाचतो कायम, लिहितो क्वचित.

आमच्याकडे दोन जण सोडून गेले आणि त्यांचं काम 'तात्पुरतं' माझ्याकडे आलं. ते तात्पुरतं कधी संपलंच नाही. त्या काळात मेसेज लिहिताना माझ्या डोक्यात काय चालायचं ते सांगतो. एका वेळी सात-आठ चॅट उघडे असायचे. प्रत्येकात कुणीतरी वाट बघत असायचं. 'छान केलंस' लिहावं असं मनात यायचं, पण ते लिहिलं की समोरून 'थँक्यू! अजून एक विचारू?' येणार हे माहीत असायचं. मग मी ते दार मुद्दाम उघडायचो नाही. गोडवा घातला की संभाषण वाढतं आणि वाढलेलं संभाषण मला झेपत नव्हतं. पुढे पुढे तर नुसतं कुणाचं नाव स्क्रीनवर आलं तरी कपाळावर आठी यायची, मग तो माणूस कितीही चांगला असो.

आणि हो, मी टोमणेही मारले. ज्याने काही वाकडं केलं नव्हतं त्यालाच मारले, कारण तो उलटून बोलणार नाही हे माहीत होतं. साहेबांना मारता येत नव्हते.

---

पाऊलवाट

@रातपाळी, दार मुद्दाम न उघडणं हे अगदी पटलं.

आता माझी वेगळीच बाजू. मी टीम सांभाळते. आमच्याकडे मध्यंतरी वरून फर्मान आलं की चॅटवरच्या गप्पा कमी करा, मेसेज कामापुरते ठेवा. ज्यांनी ते मनापासून पाळलं ते दुसऱ्या दिवसापासून दगडासारखे लिहायला लागले. तेव्हा असं काही फर्मान निघालंय का ते आधी बघा. आणखी एक शक्यता: फोनवरून लिहिणं. लॅपटॉपवर लांबलचक लिहिणारी बाई फोनवर तीन शब्दांवर येते. आमच्या एकीचं मनगट दुखायचं. सूज होती, टाइप करायलाच नको वाटायचं. आम्ही तिच्या मनाची चिकित्सा करत बसलो होतो.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून चॅट सलग वाचलं. वाचताना विचित्र वाटत होतं, कुणाची डायरी उघडल्यासारखं. पण बरंच काही दिसलं.

फर्मान वगैरे काही नाही. हाताचं माहीत नाही, पण दोष नोंदवायचा फॉर्म ती लॅपटॉपवरूनच भरते आणि तिथेही तेच झालंय.

कोणाशी तुटक आहे: सगळ्यांशी. मला वाटत होतं फक्त माझ्याशी. ग्रुपवर नवीन मुलाने पहिल्यांदाच एक मोठं काम पूर्ण केलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिने नुसता अंगठा दिला, तोही दुसऱ्या दिवशी. आधी अशा वेळी पहिला मेसेज तिचा असायचा. साहेबांनाही 'हो', 'झालं', 'उद्या' एवढंच. मला मात्र ती अजून 'तू'च म्हणते, 'तुम्ही'वर गेलेली नाही.

काय गळलंय: टिपकागद, तुम्ही म्हणालात ते इथे लख्ख दिसलं. तिच्या दोषांच्या नोंदी आमच्याकडे नमुना म्हणून दाखवल्या जायच्या. आधीची एक नोंद अशी आहे: 'सेटिंग्ज उघडा, भाषा बदला, जतन करा. अपेक्षित: पान नव्या भाषेत यावं. प्रत्यक्षात: मथळा बदलतो, खालचा मजकूर जुनाच राहतो. पान परत उघडलं की नीट दिसतं.' गेल्या आठवड्यातली: 'भाषा बदलत नाही.' बस्स. कुठल्या पायरीला, परत उघडल्यावर काय होतं, काही नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने खाली तीन प्रश्न विचारलेत आणि ते तसेच पडून आहेत.

आणखी एक, जे शोधत नव्हते ते सापडलं. ती वाद घालत नाही आता. आधी 'हा शब्द वापरणाऱ्याला कळणार नाही' म्हणून माझ्याशी हमरीतुमरीवर यायची. आता कशालाही 'चालेल'. दोन आठवड्यांपूर्वी मी एक पर्याय मुद्दाम वाईट ठेवला होता, तुलनेसाठी. त्यालाही 'चालेल'.

सुट्टी: मध्ये जोडून चार दिवस सुट्टी आली होती. परतल्यावर पहिल्या दिवशी तिचा मेसेज 'काय गं, कशी झाली सुट्टी?' असा होता. मला तो आठवतही नव्हता. तिसऱ्या दिवसापर्यंत परत 'पायरी ५. चूक.'

पण तो ग्रुपवरचा टोमणा या सगळ्यात कुठे बसतो ते अजून कळत नाही.

---

टिपकागद

चांगलं वाचलंत. ती वाद घालत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रागावलेला माणूस वाईट पर्यायाला 'चालेल' म्हणत नाही, त्याला तर आयतीच संधी मिळते. ज्याला काहीच फरक पडेनासा झालाय तो 'चालेल' म्हणतो. त्यात ज्या कामाचा तिला अभिमान असावा त्याच नोंदी ढासळल्यात, आणि ढासळल्याचं तिला दिसतही असणार. आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, त्या नोंदीतल्या या तिसऱ्या गोष्टीची ही सुरुवात असू शकते.

चार दिवसांच्या सुट्टीनंतर सूर परत आला, याचे दोन अर्थ निघतात. पहिला दिलाशाचा: जुनी रेवा आहे तिथेच आहे. दुसरा, तिसऱ्या दिवसापर्यंत तो सूर गेला, म्हणजे तिला संपवणारी गोष्ट ऑफिसातच आणि रोजची आहे. महिनाभराची रजा काढली तरी, काम जसंच्या तसं राहिलं तर, तिसऱ्या ऐवजी कदाचित पंधराव्या दिवशी तेच होईल.

मात्र हे सगळं 'बहुधा' याच शब्दाने वाचायचं. अगदी असेच मेसेज नैराश्यातही येतात. घरात कुणी आजारी असेल आणि झोप होत नसेल, तरी येतात. थायरॉइडचा त्रास असेल तरी माणूस असाच मंदावतो. चॅट वाचून यातलं काय आहे ते सांगता येत नाही, मलाही नाही. बर्नआउट मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, मॅस्लॅक यांची १९८१ पासून वापरात आहे. पण ती त्या माणसाने स्वतः भरायची असते. दुसऱ्याने त्याचे मेसेज वाचून भरायची नसते.

टोमण्याबद्दल: @रातपाळी यांनी त्यांच्यापुरतं उत्तर दिलंच आहे.

---

कडूलिंब

ठीक आहे, सगळ्यांशीच तसं वागतेय हे वाचून माझं मत निम्मं बदललं. निम्मंच. रातपाळी स्वतः सांगताहेत की जो उलटून बोलणार नाही त्यालाच ते टोमणे मारत होते. म्हणजे निवड होती की! साहेबांसमोर जीभ आवरता येत होती. मग ती अर्धविराम यांच्यासमोर का आवरू नये? कारण समजलं म्हणून वागणं माफ कसं होतं? उद्या अर्धविराम दमल्या, तर त्यांनी कोणावर काढायचं?

---

रातपाळी

माफ करा असं मी म्हणत नाहीये. ज्याला मी बोललो त्याने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, 'असं चारचौघांत नको बोलूस.' एवढंच. राग आला होता मला त्याचा. पण त्या टीममध्ये मला माणूस समजून बोललेला तो एकटाच होता. बाकीचे एकतर घाबरून होते किंवा काळजीच्या सुरात 'तू बरा आहेस ना?' विचारायचे. त्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं: 'हो, मस्त.'

---

पाऊलवाट

'तू बरी आहेस ना?' हा प्रश्न खरंच निरुपयोगी आहे. त्याचं खरं उत्तर द्यायला जेवढी ताकद लागते तेवढी दमलेल्या माणसात नसते. शिवाय उत्तर दिलं की आपण झेपवू शकत नाही असं कबूल केल्यासारखं होतं.

---

अर्धविराम

मग विचारायचं तरी कसं? चॅटवर लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. 'तुझे मेसेज हल्ली तुटक वाटतात' ही तक्रार वाटते. 'तुला बर्नआउट झालंय का?' म्हणजे मी डॉक्टर असल्यासारखं. काहीच न लिहिणंही बरोबर वाटत नाही.

---

टिपकागद

चॅटवर नकोच. ज्या माध्यमात सूर हरवतो त्याच माध्यमातून सुराबद्दल कसं बोलणार? फोन करा, आणि निमित्त खऱ्या कामाचं ठेवा. तुमच्याकडे ते आयतंच आहे: 'भाषा बदलत नाही' ही नोंद. 'त्या नोंदीवरचे तीन प्रश्न आपण दोघी फोनवर दहा मिनिटांत संपवू का? तू प्रोग्रॅम चालव, मी लिहून घेते.' यात तिला काही कबूल करावं लागत नाही, आणि तिच्या पाटीतलं एक काम खरोखर कमी होतं.

काम झालं की मग एकच वाक्य, जे दिसलंय तेवढंच सांगणारं. स्वभावाबद्दल नको, निदान नको. 'पूर्वी तू माझ्या शब्दांवरून भांडायचीस, हल्ली सगळ्याला चालेल म्हणतेस. कामाचा ढीग वाढलाय का?' आणि गप्प बसा. ती 'हो, मस्त' म्हणाली तर तेवढ्यावर सोडून द्या. ओरबाडून काढायचं नाही. पण प्रश्न 'तू कशी आहेस' ऐवजी 'काम किती आहे' असा असला, की उत्तर मिळायची शक्यता वाढते. कामाचा ढीग सांगायला लाज वाटत नाही.

टोमण्याचा विषय त्याच फोनवर काढू नका. काळजी आणि हिशेब एकाच बोलण्यात आले की ऐकणाऱ्याला फक्त हिशेब ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवते. बोलताना 'कशातच राम राहिला नाही', 'मी नसले तरी काय फरक पडतो' असं काही कानावर आलं, किंवा कामाबाहेरच्या आवडीच्या गोष्टीही सुटल्यात असं कळलं, तर तो कामाच्या ढिगाचा प्रश्न राहत नाही. तिथे आडवळणाने जाऊ नका. जीव नकोसा झालाय का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना कुणाच्या डोक्यात घुसत नाही. मग तिला एकटं न सोडता डॉक्टरपर्यंत पोचवायचं, इतर सगळं नंतर.

---

धावती_गाडी

आजाराचं चुकीचं सांगितलं होतं, दुरुस्तीबद्दल आभार. बहिणीला विचारलं. तो रजेवरून आला आणि दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला म्हणे. हा भाग मला माहीत नव्हता.

---

मुद्देसूद

मला अजूनही वाटतं की थोडक्यात लिहिण्यावर एवढी चर्चा म्हणजे अति झालं. पण 'भाषा बदलत नाही' ही नोंद थोडक्यात नाही, अपुरी आहे, हे मान्य. थोडक्यात लिहिणाराही पायऱ्या गाळत नाही.

---

अर्धविराम

झालं बोलणं. लिहिते.

नोंदीचं निमित्त काढून फोन केला. ती आधी 'कशाला, लिहूनच दे ना' म्हणाली, मग तयार झाली. आवाज मेसेजसारखा नव्हता. मऊ होता, पण हळू. दोष शोधायला लागल्यावर मात्र पाच मिनिटांत पूर्वीची रेवा दिसली: 'थांब थांब, परत उघडल्यावर नीट दिसतंय, म्हणजे साठवलेलं जुनं पान उचलतोय तो.' तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, मी लिहून टाकली.

मग ते वाक्य म्हटलं, जवळजवळ तुम्ही सांगितलंत तसंच. बराच वेळ शांतता होती. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, 'भांडायला वेळ कुठाय गं.' त्यातून हळूहळू कळलं की दुसऱ्या एका प्रोजेक्टचं तपासणीचं कामही तिच्याकडे आलंय. तिथे रोज रात्री नवी आवृत्ती येते आणि सकाळच्या मीटिंगआधी तपासून हवी असते. ही गोष्ट आमच्या टीममध्ये कुणालाच माहीत नव्हती. आमच्या साहेबांना वाटतं ती अजून पूर्ण वेळ आमच्याकडे आहे, आणि तिकडच्यांना वाटतं ती त्यांच्याकडे. तिने दोघांनाही सांगितलेलं नाही. का, विचारलं तर म्हणाली, 'सांगितलं की म्हणतील जमत नाही हिला.'

जीव नकोसा वगैरे काही जाणवलं नाही. झोप कमी आहे म्हणाली. संध्याकाळी गाण्याच्या क्लासला अजून जाते, 'तेवढंच सोडलेलं नाही' असं म्हणाली.

---

पाऊलवाट

हे टीम सांभाळणाऱ्या माणसाला कळायलाच हवं. दोन साहेब आणि दोघांनाही पूर्ण वेळ हवा, ही भानगड रेवाने आणखी कष्ट करून सुटणार नाही. पण तुम्ही परस्पर जाऊन सांगू नका. तिच्याकडून फक्त एक कागद करून घ्या: एका आठवड्यात कुठल्या प्रोजेक्टला किती तास गेले. तक्रार नको, नुसते तास. माझ्यासमोर कुणी 'मी खूप दमलेय' घेऊन आलं तर मी सहानुभूती दाखवते आणि विसरते, खरं सांगते. पण दोन्हीकडची बेरीज आठवड्याच्या तासांपेक्षा जास्त निघाली, तर मला दुसऱ्या साहेबांशी बोलावंच लागतं.

---

कडूलिंब

आणि टोमणा? तो कोणी विचारला का?

---

अर्धविराम

नाही विचारला, टिपकागद यांनी सांगितलं होतं म्हणून. तिनेही काढला नाही. लक्षात तरी आहे का तिच्या, कोण जाणे. मला मात्र अजून लागलेलाच आहे, तो दोन प्रोजेक्टच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायला मन तयार नाही.

तासांच्या कागदाची कल्पना तिला सांगितली. 'बघते' म्हणाली. आज दुपारी तिचा मेसेज आला: 'पायरी २ मधलं चित्र जुनं आहे. नवीन जोडलंय, बघ.' स्मायली नाही, 'अगं' नाही. पण काय चुकलं आणि काय करायचं, दोन्ही आहे.

---

टिपकागद

टोमण्याचं तिच्या तासांचं काहीतरी ठरल्यावर वेगळं सांगा, रातपाळींना त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलं तसं, एका वाक्यात. न सांगता गिळून टाकू नका. उद्या तुमचे मेसेज तुटक व्हायला लागतील.

---

रातपाळी

अवांतर: रोज रात्री नवी आवृत्ती आणि सकाळी तपासून हवी, हे एका माणसाचं काम नाही. त्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये आधी हे कोण करत होतं आणि तो का गेला, तेवढं शोधा.